तळटिपेतील ‘तत्रैव’ मागे का पडले

शालेय इतिहास प्रकल्पात तळटिपा आणि शेवटी संदर्भसूची अशी जी जोड मागितली जाते, ती बहुतेक वेळा शिकागो शैलीची असते. या शैलीची नियमावली १९०६ साली छापली गेली. ती मूळची शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याची होती, म्हणजे खिळे जुळवणारे, मुद्रिते तपासणारे आणि संपादक यांच्यात एकवाक्यता राहावी म्हणून केलेली. विद्यार्थ्यांपर्यंत ती पोहोचली १९३७ साली, जेव्हा त्याच विद्यापीठात प्रबंध तपासणाऱ्या सचिव बाईंनी टंकलेखन करणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका तयार केली. टंकलेखन यंत्रावर तिरपा ठसा उमटत नसे, म्हणून ग्रंथनामाखाली रेघ मारायची. आजही काही प्रकल्पांत दिसणारी ही रेघ तिथली आहे.

त्या काळी तळटीप ही कष्टाची गोष्ट होती. पानाच्या तळाशी किती ओळी लागतील याचा अंदाज आधी बांधावा लागे आणि तो चुकला की अख्खे पान पुन्हा टंकित करावे लागे. तेव्हा एकाच ग्रंथाचा लागोपाठ उल्लेख आला, तर पूर्ण तपशील पुन्हा न देता ‘तत्रैव’ लिहून पृष्ठांक देणे ही मोठीच सोय होती. इंग्रजीत त्या जागी लॅटिन ‘इबिड’ येत असे. मध्ये दुसरा ग्रंथ येऊन गेला असेल, तर ‘पूर्वोक्त’ वापरत. पण ‘पूर्वोक्त’ भेटला की तो ग्रंथ नेमका कुठे आला होता हे वाचकाला मागची पाने उलटून शोधावे लागे, आणि एकाच लेखकाची दोन पुस्तके असली तर ते शोधूनही कळत नसे. तो प्रघात आधी मोडला. ‘तत्रैव’ मात्र टिकून राहिला.

संगणकावर टिपांचे क्रमांक आपोआप पडू लागले तेव्हा त्याची खरी अडचण समोर आली. समजा, सातवी टीप अशी आहे: जोतीराव फुले, गुलामगिरी (पुणे, १८७३), १२. आठवी टीप आहे: तत्रैव, ३४. मजकूर सुधारताना विद्यार्थ्याने या दोन्हींच्या मध्ये एका वृत्तपत्रातील लेखाची टीप घातली. संगणकाने जुन्या आठव्या टिपेला नववा क्रमांक दिला, पण तिच्यातला ‘तत्रैव’ आता त्या लेखाकडे बोट दाखवू लागला. वरवर पाहता सारे जागच्या जागी असते. चार स्तंभांच्या लेखाला चौतिसावे पृष्ठ कसे, असा प्रश्न तपासणाऱ्याला पडला तरच ही चूक पकडली जाते.

शैलीच्या सतराव्या आवृत्तीने २०१७ साली ‘तत्रैव’ऐवजी संक्षिप्त टीप पसंत केली: फुले, गुलामगिरी, ३४. पडद्यावर टिपा एकेक करून उघडतात, तिथे नुसता ‘तत्रैव’ पाहून वाचकाला काहीच कळत नाही, हे त्यामागचे एक कारण. शिवाय ‘तत्रैव’नेही एक ओळ खर्ची पडतेच, मग वाचले काय? जुन्या वळणाच्या शिक्षकांना हा बदल रुचलेला नाही आणि आवृत्तीने ‘तत्रैव’वर बंदीही घातलेली नाही, त्यामुळे एकाच शाळेत दोन वर्गांना दोन नियम सांगितले जातात. माझ्या मते संक्षिप्त टीपच बरी, कारण ती जागची हलली तरी खोटी ठरत नाही.

संदर्भसूचीत तोच ग्रंथ वेगळ्या वेषात येतो: फुले, जोतीराव. गुलामगिरी. पुणे, १८७३. सूची वर्णानुक्रमाने लावायची असल्याने आडनाव आधी येते, कंस जातात, स्वल्पविरामांच्या जागी पूर्णविराम येतात आणि पृष्ठांक गळतो. पुष्कळ विद्यार्थी तळटीपच उचलून सूचीत चिकटवतात. कंस राहून गेलेले दिसले की ते ओळखू येते. त्याहून मोठी गफलत वर्षाची. हाती असते अलीकडचे पुनर्मुद्रण, पृष्ठांक त्यातले असतात आणि वर्ष मात्र १८७३ लिहिलेले असते. पृष्ठांक ज्या आवृत्तीचा, तिचेच प्रकाशन-तपशील द्यायचे. मूळ वर्ष द्यायचे झाल्यास त्यांच्या आधी वेगळे लिहायचे.

२०२४ सालच्या अठराव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळाची सक्ती काढून टाकली, मात्र १९०० पूर्वीच्या ग्रंथांसाठी स्थळ राखले. त्या ग्रंथांच्या बाबतीत प्रकाशकाचे नाव गाळून स्थळ आणि वर्ष एवढेच दिले तरी चालते, म्हणून वरच्या नोंदींत पुणे आहे आणि प्रकाशक नाही. विसाव्या शतकातील मराठी ग्रंथांसाठीही स्थळ लिहावे असे मला वाटते, कारण बडोदे, इंदूर किंवा पणजीत छापलेले मराठी पुस्तक त्या स्थळामुळेच इतिहासाच्या विद्यार्थ्याला काही सांगत असते. नियमाने ते ऐच्छिक झाले आहे, निषिद्ध नाही.