ऋण गुणिले ऋण म्हणजे धन

दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो, हा नियम शाळेत बहुतेकांना नुसता पाठ करायला लावतात. नियम जुना आहे, ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात तो दिलाय. त्याने शब्दसुद्धा धन आणि ऋण हेच वापरलेत, आणि ऋण म्हणजे कर्ज, त्यामुळे उधारीचं उदाहरण इथे बाहेरून आणावं लागत नाही, ते नावातच आहे.

समजा खिशात १००० रुपये आहेत आणि वाण्याच्या वहीत तुमच्या नावावर २०० रुपयांच्या पाच उधाऱ्या आहेत, म्हणजे सगळा हिशोब केला तर तुमचं स्वतःचं असं शून्य. आता वाण्याने काही कारणाने त्यातल्या तीन उधाऱ्या माफ करून खोडून टाकल्या. खिशात अजून १०००च आहेत पण देणं ४०० उरलं, म्हणजे तुमचे ६०० झाले. एक उधारी −२००, तीन काढून टाकल्या म्हणून −३, आणि (−३) × (−२००) = +६००. मुलं इथे हमखास विचारतात की खिशात तर एक रुपयाही वाढला नाही, मग फायदा कुठे झाला, आणि प्रश्न बरोबर आहे, कारण आपण खिसा मोजत नसून खिशातून देणं वजा करून जे उरतं ते मोजतोय.

या गोष्टीत एक घोळ नेहमी होतो. ‘कर्ज गुणिले कर्ज’ असं म्हटलं की काहीच अर्थ लागत नाही, रुपयाला रुपयाने कसं गुणणार? एक संख्या उधारीची रक्कम असते आणि दुसरी किती उधाऱ्या आल्या किंवा गेल्या ते सांगते.

ज्याला गोष्ट पटत नाही त्याने पाढा उलटा म्हणून बघावा:

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

डावीकडचा आकडा एकाने उतरतोय आणि उत्तर दर वेळी २ ने चढतंय, कारण प्रत्येक पायरीला एक −२ कमी होतोय. शून्यापाशी थांबायचं काही कारण नाही, तर पुढे (−१) × (−२) = २ आणि (−२) × (−२) = ४ येतं.

अर्थात हा पॅटर्न म्हणजे सिद्धता नव्हे, तो पुढेही तसाच चालेल हे आपण गृहीत धरलंय. ते पक्कं करायला वितरणाचा नियम लागतो: (१ + (−१)) × (−२) हे शून्यच असणार, कंस सोडवला तर −२ आणि (−१) × (−२) यांची बेरीज शून्य यायला हवी, मग दुसरं पद +२ सोडून काही असूच शकत नाही.

‘दोन वजा म्हणजे अधिक’ असं घोकलेली मुलं −३ − २ चं उत्तरही +५ लिहून मोकळी होतात. नियम समजलाय की नुसता पाठ आहे, ते या एका गणितात कळतं: तीन रुपयांची उधारी असताना आणखी दोन रुपयांची केली, तर देणं पाच रुपयेच होणार, म्हणजे उत्तर −५.