सेवा शुल्कावर कर लागतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

उपाहारगृहाच्या बिलात पदार्थांच्या बेरजेखाली दहा टक्के सेवा शुल्काची ओळ येते आणि तिच्या खाली जीएसटीच्या दोन ओळी येतात. त्या दोन ओळींतील रक्कम केवळ पदार्थांवर काढली आहे की सेवा शुल्क धरून झालेल्या बेरजेवर, हा प्रश्न गेली काही वर्षे सातत्याने विचारला जातो. त्याचे उत्तर आजच्या कर कायद्यात बऱ्यापैकी स्पष्ट आहे. गोंधळ वाढला तो २०११ ते २०१७ या काळातील बिलांमुळे आणि २०२२ मधील एका अधिकृत वाक्यामुळे.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येईल. उपाहारगृहात जेवण वाढणे ही मालाची विक्री नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला, आणि त्यामुळे राज्यांचा या व्यवहारावरील विक्रीकर अडचणीत आला. त्यावर उपाय म्हणून १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने अन्नपदार्थांचा असा पुरवठा करापुरता विक्री मानला गेला. पुढची जवळपास तीन दशके बिलावर राज्याचा एकच कर असे, आणि काही मोठ्या हॉटेलांत त्याच्या जोडीला सेवा शुल्क असे. त्याबद्दल फारशी कुरकुर नव्हती.

१ मे २०११ पासून केंद्राचा सेवा कर उपाहारगृहांना लागू झाला. तो आरंभी वातानुकूलित आणि मद्य परवाना असलेल्या ठिकाणांपुरता होता. १ एप्रिल २०१३ पासून परवान्याची अट गेली आणि वातानुकूलन एवढीच कसोटी उरली. पुढच्या गैरसमजाचे मूळ या काळात सापडते, असे माझे मत आहे. बिलावर ‘सर्व्हिस चार्ज’ आणि ‘सर्व्हिस टॅक्स’ या दोन ओळी एकाखाली एक छापल्या जाऊ लागल्या. मराठीत एकाला सेवा शुल्क आणि दुसऱ्याला सेवा कर म्हणावे, इतका भेद लेखी भाषेत शक्य होता. बोलताना मात्र दोन्हींना ‘सर्व्हिसचे पैसे’ असेच म्हटले जाई, आणि दोन्ही सरकारजमा होतात अशी अनेकांची समजूत झाली. प्रत्यक्षात सेवा शुल्क ठरवणारा आणि ते ठेवून घेणारा मालक असतो. त्यातले वेटर आणि स्वयंपाकघरातील माणसांना किती मिळते, हे त्या त्या ठिकाणच्या करारावर किंवा मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. काही उपाहारगृहांनी या समजुतीचा फायदा घेतला, हे सांगणे भाग आहे. सेवा शुल्काची ओळ करांच्या मधोमध छापली की ग्राहक ती वाचून प्रश्न विचारत नसे.

जुलै २०१६ मधील महाराष्ट्रातील एक बिल समोर ठेवू. पदार्थ १,००० रुपयांचे, सेवा शुल्क १० टक्के म्हणजे १०० रुपये. त्या वेळी दोन उपकर धरून सेवा कर १५ टक्के होता, पण तो पूर्ण रकमेवर लागत नसे. जेवणाच्या व्यवहारातील सेवेचा वाटा ४० टक्के मानला जाई आणि तो आकारलेल्या एकूण रकमेवर, म्हणजे सेवा शुल्कासह, मोजला जाई. १,१०० चे ४० टक्के ४४०, आणि त्यावर १५ टक्के म्हणजे ६६ रुपये. राज्याचा व्हॅट साडेबारा टक्के होता. तो काही ठिकाणी १,००० वर धरून १२५ रुपये लावला जाई, तर काही ठिकाणी १,१०० वर धरून १३७ रुपये ५० पैसे. एकाच रस्त्यावरच्या दोन उपाहारगृहांत त्याच जेवणाचे बिल एकीकडे १,२९१ रुपये आणि दुसरीकडे १,३०३ रुपये ५० पैसे होऊ शकत असे. राज्याच्या कायद्यातील विक्री किमतीच्या व्याख्येत माल देण्यापूर्वी किंवा देताना विक्रेत्याने त्या मालासंबंधी केलेल्या कामाची रक्कमही येत असल्याने, कर अधिकाऱ्यांच्या दृष्टीने दुसरी पद्धत बरोबर होती. ग्राहकाची तक्रार मात्र वेगळी आणि रास्त होती. केंद्राने ४० टक्के भाग सेवा म्हणून करपात्र धरला असताना राज्य शंभर टक्के रकमेवर व्हॅट घेई, म्हणजे एकाच जेवणाचे १४० टक्के करपात्र होत असत. एका उच्च न्यायालयाने ज्या भागावर सेवा कर लागला त्या भागावर व्हॅट नको असे म्हटलेही, पण ती सवलत देशभर आपोआप मिळाली नाही.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि विक्री व सेवा यांची ही फाळणी संपली. जेवण वाढणे हा सेवेचा पुरवठा मानला गेला. सुरुवातीला वातानुकूलन नसलेल्या ठिकाणी १२ आणि असलेल्या ठिकाणी १८ टक्के दर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक सर्व स्वतंत्र उपाहारगृहांना ५ टक्के दर लागला आणि त्यांनी खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. महाग खोल्यांच्या हॉटेलांतील उपाहारगृहे १८ टक्क्यांत राहिली. मद्य जीएसटीच्या बाहेर असल्याने त्यावर राज्याचा व्हॅट चालू राहिला.

सेवा शुल्कावर कर का लागतो, याचे उत्तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. पुरवठ्याचे मूल्य म्हणजे प्रत्यक्ष दिलेली किंवा देय असलेली किंमत. त्यात पुरवठादाराने आकारलेले आनुषंगिक खर्च आणि पुरवठा होताना किंवा त्यापूर्वी त्या पुरवठ्यासंबंधी केलेल्या कोणत्याही गोष्टीसाठी आकारलेली रक्कमही मिळवायची असते. ताट मांडणे, वाढणे आणि उचलणे याला पुरवठ्यापासून वेगळे काढणे अवघड आहे. त्यामुळे उपाहारगृहाने सेवा शुल्क बिलात घेतले असेल, तर ते करपात्र मूल्याचा भाग ठरते आणि त्याला जेवणाचाच दर लागतो. ग्राहकाने उठताना वेटरच्या हातात ठेवलेली टीप यात येत नाही, कारण ती उपाहारगृहाने आकारलेली नसते.

आता आजच्या बिलाचा हिशेब. पदार्थ १,०००, सेवा शुल्क १००, बेरीज १,१००. त्यावर केंद्राचा अडीच टक्के म्हणजे २७ रुपये ५० पैसे, आणि राज्याचा तेवढाच. एकूण १,१५५. समजा, एखाद्या ठिकाणी उलट क्रम लावला. १,००० वर कर ५० रुपये, बेरीज १,०५०, आणि मग त्या बेरजेवर दहा टक्के सेवा शुल्क १०५. एकूण पुन्हा १,१५५. म्हणजे शेवटचा आकडा पाहून काहीही कळत नाही. पहिल्या बिलात सरकारकडे ५५ आणि मालकाकडे १०० रुपये जातात. दुसऱ्यात सरकारकडे ५० आणि मालकाकडे १०५ जातात. पहिल्यात शुल्कावर कर आहे, दुसऱ्यात करावर शुल्क आहे, आणि दुसरे अधिक आक्षेपार्ह आहे. ओळखायची सोपी रीत अशी की केंद्राच्या कराची एकट्याची रक्कम ४० ने गुणावी. २७.५० ला गुणले की १,१०० येतात, म्हणजे कर सेवा शुल्कासह धरला आहे. २५ ला गुणले की १,००० येतात, म्हणजे सेवा शुल्क कराबाहेर आहे. ही रीत ५ टक्क्यांच्या बिलालाच लागू पडते.

या पार्श्वभूमीवर २०२२ चा वाद पाहावा लागतो. सेवा शुल्क ऐच्छिक आहे, असे केंद्राच्या ग्राहक खात्याने एप्रिल २०१७ मध्येच सांगितले होते. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक प्राधिकरणाने त्याला मार्गदर्शक सूचनांचे रूप दिले. शुल्क आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये, सक्ती करू नये, त्यावरून प्रवेश नाकारू नये, या सूचना समजायला सोप्या आहेत. पाचवी मात्र अशी होती की सेवा शुल्क जेवणाच्या बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावून ते वसूल करू नये.

या वाक्याचे दोन अर्थ निघतात. पहिला असा की शुल्क त्या रीतीने घेणेच बंद करावे. दुसरा असा की शुल्क घेतले तरी त्यावर कर लावू नये. वृत्तांमध्ये आणि ग्राहकांच्या बोलण्यात दुसरा अर्थ झपाट्याने पसरला. ‘सेवा शुल्कावर जीएसटी नाही’ असे काउंटरवर ठणकावून सांगणारे ग्राहक मी पाहिले आहेत. हा अर्थ टिकणारा नाही. ग्राहक प्राधिकरण करातून सूट देऊ शकत नाही; ती जीएसटी परिषदेच्या शिफारशीवरून सरकारने अधिसूचना काढूनच मिळते. शिवाय सूचनेचा रोख शुल्क वसूल करण्याच्या रीतीकडे आहे. वाक्य नीट लिहिले गेले नाही, हे मात्र मान्य करावे लागेल. ज्या उपाहारगृहाने दुसरा अर्थ धरून शुल्क घेतले पण त्यावर कर घेतला नाही, त्याने ग्राहकाला दिलासा दिला असेल, पण कर खात्याची मागणी स्वतःवर ओढवून घेतली.

दिल्लीच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्येच या सूचनांना स्थगिती दिली. शुल्क मेनूवर ठळक लिहावे आणि पार्सलवर घेऊ नये, अशा अटी त्यात होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने एका व्यावसायिक संघटनेच्या सदस्यांना ‘कर्मचारी योगदान’ असा शब्द वापरायला आणि ते १० टक्क्यांपुरते ठेवायला सांगितले. नाव बदलले तरी कराचा प्रश्न तोच राहिला, कारण कलम १५ नाव विचारत नाही. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने उपाहारगृहांच्या याचिका फेटाळून सूचना कायम केल्या, आणि सक्तीचे शुल्क व वर त्यावरचा जीएसटी असा दुहेरी भार ग्राहकावर पडतो, याची नोंद घेतली. या निकालाविरुद्ध अपील झाले.

व्यवहारात आता नवा तंटा परताव्याचा आहे. ग्राहकाने हरकत घेतली की अनेक ठिकाणी १०० रुपये परत देतात आणि विषय मिटवतात. पण शुल्क गेले की कराचा पायाही १,००० वर येतो आणि कर ५० रुपये होतो. म्हणजे बिल १,०५० चे असायला हवे आणि परतावा १०५ रुपयांचा. १८ टक्क्यांच्या हॉटेलात तो ११८ रुपयांचा होईल. बिल निघण्यापूर्वी हरकत घेतली तर यंत्रातून शुल्काची ओळ काढताच कर आपोआप कमी होतो. पैसे भरून झाल्यावर हरकत आली तर मालकाला क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढून कर कमी दाखवावा लागतो. ती न काढता गल्ल्यातून नुसते १०० रुपये दिले, तर विक्रीच्या नोंदीत १,१०० तसेच राहतात, आणि परत दिलेल्या शुल्कावरचे पाच रुपये ग्राहकाच्या खिशातून सरकारजमा होतात.