गाडीतील एअर फ्रेशनर

मोटारीच्या बंद हवेत सुगंधी द्रव्य सावकाश सोडणारी वस्तू. बोलण्यात कार परफ्यूम किंवा नुसता परफ्यूम असेही म्हणतात. टांगायचे सुगंधी कार्ड, एसीच्या जाळीला अडकवायची क्लिप, लाकडी बुचाची काचेची बाटली, जेलचा डबा, फवारा आणि कापूर किंवा वाळ्याची पिशवी हे तिचे नेहमी दिसणारे प्रकार. लहान हॅचबॅक गाडीत सुमारे तीन घनमीटर हवा असते. दहा बाय दहाच्या खोलीतल्या हवेचा हा जेमतेम दहावा भाग आहे, त्यामुळे घरात मंद वाटणारा वास गाडीत उग्र होतो.

कार्डाच्या प्रकाराची सुरुवात ज्युलियस सेमान या रसायनज्ञाने केली. त्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाउन येथे पाइनच्या झाडाच्या आकाराचे सुगंधी कार्ड बाजारात आणले. हे कार्ड पाकिटातून पूर्ण बाहेर काढायचे नसते. वरचा कोपरा कापून थोडासा भाग उघडा करायचा आणि दर आठवड्याला पाकीट आणखी थोडे खाली सरकवायचे, अशी ते वापरण्याची रीत आहे. बहुतेक जण पहिल्याच दिवशी पाकीट फाडून फेकतात. मग दोन-तीन दिवस गाडीत बसवत नाही आणि पंधरवड्यात कार्ड कोरडे पडते. वासाचा जोर उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असतो, हे या पाकिटामुळे चटकन ध्यानात येते.

उष्णता आणि वासाची मात्रा

वेष्टणावर ‘माइल्ड’ छापले आहे की ‘स्ट्राँग’, यापेक्षा ती वस्तू गाडीत कुठे ठेवली आणि गाडी कुठे उभी राहते, यावर वासाची खरी मात्रा ठरते. सुगंधी तेले तापली की झपाट्याने उडतात. लिंबू-संत्र्याच्या वासातले लिमोनीन हे द्रव्य २५ अंशांना जेवढे उडते, त्याच्या साधारण सातपट ६० अंशांना उडते. उन्हात उभ्या गाडीत ६० अंश गाठणे अवघड नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांमधली हवा सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला. सावलीतल्या गाड्यांत हेच आकडे सुमारे ३८ आणि ४८ होते. विदर्भातला मे महिना त्याहून सौम्य नसतो. आपल्याकडे काचेची बाटली सर्रास चिकटवतात ती जागा, म्हणजे डॅशबोर्डचा समोरच्या काचेलगतचा भाग, गाडीतला सर्वांत तापणारा भाग असतो.

याचा हिशेब मांडून पाहता येतो. आठ मिलिलिटरची बाटली साधारण तापमानाला चाळीस दिवस पुरते असे धरू. म्हणजे दिवसाला ०.२ मिलि, वजनात सुमारे १८० मिलिग्रॅम आणि तासाला साडेसात मिलिग्रॅम तेल हवेत जाते. आता हीच बाटली डॅशबोर्डवर ठेवून गाडी नागपुरातल्या एखाद्या कार्यालयाच्या आवारात सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत उन्हात उभी केली. सातपट वेग धरला तर तासाला पन्नासहून अधिक आणि सहा तासांत तीनशेहून जास्त मिलिग्रॅम तेल उडते. जवळपास दोन दिवसांचा वास एका दुपारी, काचा बंद असलेल्या तीन घनमीटर हवेत कोंडला जातो. थोडा फटींतून निघून जातो, थोडा सीटच्या कापडात आणि छताच्या अस्तरात मुरतो. पाच वाजता दार उघडल्यावर जो भपका नाकात जातो तो हाच. असे रोज झाले तर चाळीस दिवसांची बाटली पंधरा-सोळा दिवसांत संपते. बाटली लवकर संपली म्हणून गिऱ्हाईक कंपनीला बोल लावते आणि पुढच्या वेळी अधिक कडक परफ्यूम आणते. दोष मात्र जागेचा असतो.

ही आकडेमोड ढोबळ आहे. लाकडी बुचातून तेल किती झिरपते आणि क्लिपचा पातळ पडदा ते किती सोडतो, यावर फरक पडतो. पण कल तोच राहतो.

सगळी द्रव्ये सारख्या वेगाने उडत नाहीत. लिंबू, संत्रे, पुदिना यांची हलकी द्रव्ये आधी निघून जातात. चंदन, वाळा, कस्तुरीसारखे जड वास मागे राहतात. म्हणून उन्हाळ्यात लिंबाचा परफ्यूम आठवडाभरात ‘बदलला’ असे वाटते. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी वाळ्याच्या मुळांची छोटी पिशवी उत्तम. तिचा वास तापल्यावरही फारसा उसळत नाही, आणि सांडण्यासारखे तिच्यात काही नसते.

ऊन, काच आणि प्लास्टिक

उन्हाचा त्रास केवळ उष्णतेचा नाही. हवा आणि प्रकाश यांमुळे लिमोनीन आणि लिनालूल या द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होते. तयार होणारी संयुगे काहींच्या त्वचेला खाज आणि पुरळ आणतात. वासातही ते कळते, कारण लिंबाच्या ताजेपणाऐवजी टर्पेंटाइनसारखा खवट दर्प येऊ लागतो. रंग उडालेला, तळाशी दाटसर उरलेला द्रव हलवून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही, तो टाकून द्यावा.

सुगंधी तेल प्लास्टिकवर सांडले तर तो भाग पांढुरका, चिकट किंवा मऊ होतो आणि डाग निघत नाही. घाटाच्या वळणावर उलटणाऱ्या बाटलीने डॅशबोर्ड खराब केल्याची उदाहरणे कुठल्याही गॅरेजमध्ये सापडतात. तेल सांडलेच तर चोळू नये, कागदाने लगेच टिपून घ्यावे आणि साबणाच्या पाण्याने पुसावे. गोल, पारदर्शक, द्रवाने भरलेली बाटली भिंगासारखे काम करून ऊन एका बिंदूवर आणू शकते. तशी बाटली काचेलगत ठेवूच नये.

फवाऱ्याच्या डब्याची गोष्ट आणखी गंभीर. त्यात दाबाखालचा ज्वलनशील वायू असतो, आणि ५० अंशांपुढे तापू देऊ नका असा इशारा डब्यावरच असतो. उन्हाळ्यात उभ्या गाडीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते, तेव्हा डबा गाडीत ठेवूच नये. इंग्लंडमधील हॅलिफॅक्स येथे डिसेंबर २०१९ मध्ये एका चालकाने बंद गाडीत भरपूर फवारा मारला आणि सिगारेट पेटवली. स्फोटाने गाडीच्या काचा उडाल्या. चालक किरकोळ जखमांवर बचावला.

डोकेदुखी

वास नाकातल्या गंधपेशींना कळतो, पण तीव्र द्रव्ये चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूलाही डिवचतात. डोळे चुरचुरणे, नाकात झोंबणे, कपाळ जड होणे हे त्यातून होते. अर्धशिशी असलेल्या अनेकांना वास हेच झटक्याचे निमित्त ठरते. ज्यांना गाडी लागते त्यांची मळमळ घाटात उग्र वासाने वाढते. दम्याच्या रुग्णाला खोकल्याची उबळ येऊ शकते. असे कुणी सोबत असेल तर परफ्यूम मंद करून भागत नाही, काढूनच ठेवावा.

चालकाला मात्र हे कळत नाही. नाक एका वासाला काही मिनिटांत सरावते. चालकाला वास येईनासा होतो, तो क्लिपची चकती आणखी उघडतो, आणि मागच्या सीटवर नुकत्याच बसलेल्या आजींचे डोके उठते. वासाचा जोर नेहमी बाहेरून आलेल्या माणसाला विचारून ठरवावा. दार उघडताच वास जाणवत असेल तर तो जास्त आहे. दोन-तीन मिनिटे बसल्यावर कुठेतरी आहे असे वाटले, तर पुरे.

डोकेदुखी परफ्यूमचीच आहे का, हे तपासता येते. परफ्यूम काढून घट्ट झाकणाच्या बरणीत घालून घरी ठेवावा आणि गाडी आठवडाभर त्याविना वापरावी. एका दिवसात निष्कर्ष काढू नये, कारण अस्तरात मुरलेला वास जायला वेळ लागतो. त्रास थांबला आणि परफ्यूम परत लावल्यावर पुन्हा सुरू झाला, तर शंका उरत नाही. थांबला नाही तर दोन कारणे पाहावीत. एसी सतत आतली हवा फिरवत असेल आणि चार-पाच माणसे असतील, तर कार्बन डायऑक्साइड साचून डोके जड होते. बाहेरची हवा घेणारी कळ दाबली की दहा-पंधरा मिनिटांत फरक पडतो. दुसरे कारण सायलेन्सरची गळती. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि सोबत येणारा धुराचा वास परफ्यूममुळे झाकला जातो. गाडीत बसल्यावर डोके दुखते आणि उतरल्यावर थांबते, असे परफ्यूम नसतानाही होत असेल, तर गाडी लगेच मेकॅनिकला दाखवावी.

निवड आणि वापर

शहरातल्या गाडीला एसीच्या जाळीवरची, चकतीने बंद होणारी क्लिप सोयीची. ब्लोअर बंद असताना ती कमी वास सोडते, आणि जाळीजवळची जागा काचेलगतच्या जागेहून कमी तापते. सुरुवात सर्वांत कमी उघडीपीवर करावी आणि दोन दिवसांनंतरच वाढवावी. गाडी उन्हात उभी करताना चकती पूर्ण बंद करावी. जेलचा डबा सीटखाली सावलीत ठेवता येतो, पण तो पायाखाली घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली जाणार नाही असा बसवावा. आरशाला टांगलेले कार्ड झुलते आणि चालकाची नजर अडवते. ते टांगायचेच तर मागच्या हुकाला टांगावे.

उन्हातून गाडी घेताना चारही काचा उतरवून मिनिट-दोन मिनिटे तशीच चालवावी, एसी बाहेरच्या हवेवर ठेवावा, आणि भपका गेल्यावर काचा चढवाव्यात.

कुबट वासावर परफ्यूम हा उपाय नाही. तो वास बहुधा एसीच्या ओलसर कॉइलवरच्या बुरशीचा, जुन्या केबिन फिल्टरचा किंवा पावसाळ्यात भिजलेल्या मॅटचा असतो. मॅट उन्हात वाळवावे, फिल्टर बदलावा, आणि मुक्कामाला पोचण्याआधी तीन-चार मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवावा म्हणजे कॉइल सुकते.

कापूर नैसर्गिक म्हणून निर्धोक समजला जातो, तसा तो नाही. तो घन अवस्थेतून थेट हवेत उडतो, बंद तापलेल्या गाडीत त्याचा दर्प फार दाटतो, आणि लहान मुलाने एखादी वडी गिळली तर आकडी येऊ शकते. वडी मुलाच्या हाताला लागेल अशा कप्प्यात ठेवू नये. डांबरगोळ्या गाडीत मुळीच नकोत. त्यांतले नॅफ्थलीन जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फोडू शकते.