माणूस कुठला आणि कमाई कुठली: हे दोन प्रश्न वेगळे आहेत

“पैसे युरोत आले, म्हणजे कमाई परदेशातली, म्हणजे इथे कर नाही.” जळगाव-भुसावळला घरी बसून बाहेरच्या कंपन्यांची कामं करणाऱ्या पोरांकडून हे वाक्य सतत ऐकू येतं. यात दोन प्रश्नांची सरळ खिचडी झाली आहे. पहिला प्रश्न माणसाचा: त्या वर्षी तो कराच्या हिशेबात भारताचा निवासी होता का? दुसरा कमाईचा: ती उगवली कुठे?

पहिला प्रश्न बहुतेकांना माहीत असतो. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात तर निवासी. किंवा ६० दिवस राहिलात आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे होतात, तरीही निवासी. भारतीय नागरिक रोजगारासाठी देश सोडून गेला, तर त्या वर्षापुरते हे ६० चे १८२ होतात. रोजगारात स्वतःचा व्यवसायही येतो, असं केरळ उच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं आहे. फिरायला म्हणून गेलेल्याला मात्र ही सवलत नाही. म्हणून व्हिसा कुठला घेतला, तिकडे काम करायचा परवाना होता का, हे कागद जपून ठेवा. नागरिकत्व आणि पासपोर्टवरून निवासी ठरवणाऱ्यांशी तर मी वादच घालत नाही.

खरी गफलत दुसऱ्या प्रश्नात आहे. जळगावात राहणारा एक प्रोग्रामर घेऊ. तो १० सप्टेंबर २०२४ ला कामाच्या परवान्यावर दुबईला गेला आणि मार्चअखेर तिथेच राहिला. एप्रिलपासून मोजले तर त्याचे भारतात १६३ दिवस भरतात. १८२ पेक्षा कमी, म्हणून २०२४-२५ साठी तो अनिवासी. गिऱ्हाईक वर्षभर एकच, जर्मनीतली कंपनी. पहिलं बिल पाच लाखांचं, जळगावात केलेल्या कामाचं, पण पैसे ऑक्टोबरात दुबईच्या खात्यात आले. दुसरं सहा लाखांचं, दुबईत केलेल्या कामाचं, पण पैसे थेट जळगावच्या बँकेत आले.

बहुतेक जण म्हणतील, पहिल्यावर भारतात कर नाही. चूक. सेवेची कमाई काम जिथे होतं तिथे उगवते. रावेरची केळी दिल्लीच्या व्यापाऱ्याने घेतली म्हणून ती दिल्लीत पिकली असं कोणी म्हणत नाही. जर्मन गिऱ्हाईक, युरो आणि दुबईचं खातं यांनी इथे काहीही बदलत नाही. ते पाच लाख भारतात करपात्र आहेत.

दुसऱ्या बिलाचं काम बाहेर झालं, म्हणून ते सुटायला हवं होतं. पण अनिवासी माणसाला भारतात पहिल्यांदा हातात पडलेली रक्कमही इथे करपात्र असते. ‘पहिल्यांदा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. तेच सहा लाख आधी दुबईच्या खात्यात जमा झाले असते आणि मग त्याने घरी पाठवले असते, तर कर लागला नसता. कारण आपलेच आलेले पैसे इकडून तिकडे नेणं म्हणजे नवी प्राप्ती नव्हे. बँक स्टेटमेंटमध्ये रक्कम कुणाकडून आली ते बघा: कंपनीचं नाव दिसतं की स्वतःचंच.

याला एक उलटी बाजू आहे. दुबईत बसून पुण्याच्या कंपनीचं तांत्रिक काम केलं, तर नियम फिरतो. तांत्रिक सेवेची फी भारतातला निवासी देत असेल, तर काम कुठेही झालेलं असो, कमाई भारतातच उगवली असं कायदा मानतो. अपवाद एवढाच, की त्या कंपनीने ते काम भारताबाहेरच्या आपल्या धंद्यासाठी किंवा भारताबाहेरच्या स्रोतातून कमाई करण्यासाठी वापरलेलं असावं. दोन देशांतल्या करारातून काही वेळा सूट मिळते, पण ती मागायला तिथलं कर-निवासी असल्याचं प्रमाणपत्र लागतं.

निवासी असेल तर या सगळ्या चर्चेची गरजच नाही. जगभरची कमाई इथे दाखवायची. ती कुठे उगवली हे बाहेर भरलेल्या कराची वजावट मागतानाच कामाला येतं.

आता अनिवासी होण्याची एवढी घाई कशाला, ते आकड्यांत बघा. खर्च जवळजवळ नाही आणि दुसरं बिल नीट दुबईत जमा झालं असं धरू. २०२४-२५ च्या नव्या कररचनेत त्याला पाच लाखांवर, सेस धरून, १०,४०० रुपये भरावे लागले, कारण कलम ८७अ ची, म्हणजे कमी कमाईवरचा कर माफ करणारी सूट फक्त निवासींना होती. तोच माणूस १८२ दिवस भरून निवासी राहिला असता, तर सगळे अकरा लाख दाखवावे लागले असते. पण कलम ४४एडीए खाली, म्हणजे निवासी व्यावसायिकांच्या अंदाजी नफ्याच्या तरतुदीत, निम्मेच म्हणजे साडेपाच लाख नफा धरता आला असता. त्याच ८७अ च्या, त्या वर्षी सात लाखांपर्यंत असलेल्या सूटीमुळे त्यावरचा कर शून्य.