‘मुलं शांत होती’ या तीन शब्दांच्या आत

शाळेतल्या सरावाचा पहिला आठवडा संपला की सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर चिंतन-डायऱ्यांची चळत येते. इंदूरच्या एका बी.एड. महाविद्यालयात हे काम मी बरीच वर्षं करते आहे. पहिल्या पंधरा-वीस डायऱ्या वाचल्या की एकच डायरी पुन्हा पुन्हा वाचतेय असं वाटायला लागतं. त्यातलीच एक नोंद देते. मूळ हिंदीत होती, मी मराठीत उतरवली आहे.

‘बुधवारी सातवी अ मध्ये आम्ल आणि आम्लारी हा पाठ घेतला. हळदीचा प्रयोग मुलांना आवडला. मुलं शांत होती, पण प्रश्नांना प्रतिसाद मिळाला नाही. मला थोडं वाईट वाटलं. यातून मी शिकले की शिक्षकाने विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवले पाहिजे.’

शेवटचं वाक्य पाहा. ते मंगळवारी रात्री, शाळेत पाऊल टाकण्याआधीही लिहिता आलं असतं. डायरी तपासताना मी एवढंच बघते: हे वाक्य सुचायला शाळेत जाणं भाग होतं का? भाग नसेल, तर ते वर्गातून आलेलं नाही, पुस्तकातून आलेलं आहे.

चूक ही नोंद लिहिणाऱ्या मुलीची नाही. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यातले वीस आठवडे शाळेसाठी ठेवले गेले. डायरी सक्तीची झाली, पण ती लिहायची कशी हे शिकवायला कुणाला वेळ नसतो. बहुतेक ठिकाणी ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली मांडलेल्या चिंतनचक्राचे सहा मथळे छापून देतात: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. मथळे वाईट नाहीत. पण बी.एड.ची मुलं त्यांना फॉर्मातले रकाने समजतात आणि प्रत्येकात दोन-दोन ओळी भरतात. वर्णनाच्या रकान्यात इतकं थोडं असतं की विश्लेषणाला धरायला काही उरतच नाही. मग तिथे सुविचार येतात.

म्हणून तिला मी विश्लेषण वाढवायला सांगितलं नाही. म्हटलं, ‘‘अगं, ‘शांत’ म्हणजे नेमकं काय? पुन्हा वर्णनावर जा.’’

आता अडचण अशी की बुधवारचा तास शनिवारी आठवायला बसलं की तो तसाच्या तसा आठवत नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा ब्रिटिश वाचकांना वाचायला दिली आणि नंतर काही काळाच्या अंतराने ती पुन्हा पुन्हा लिहून काढायला लावली. कथा दर वेळी आखूड होत गेली. अनोळखी तपशील एक तर गळाले, नाही तर ओळखीच्या वस्तूंनी त्यांची जागा घेतली. १९३२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आठवताना आपण जुनी गोष्ट कपाटातून काढत नाही, ती नव्याने रचतो. शनिवारपर्यंत आपल्या तासाचंही असंच होतं. जे खटकलं पण समजलं नाही ते आधी गळतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

यावर उपाय साधा आहे. त्याच दिवशी, शाळेतून घरी पोचायच्या आत, एका चिठ्ठीवर पाच-सहा ओळी खरडायच्या. त्यात मत नको. मी काय म्हणाले आणि मुलं काय म्हणाली, शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत. ज्या भाषेत डोकं चालतं त्या भाषेत लिहावं, व्याकरण नंतर बघता येतं. शनिवारी अशा सहा चिठ्ठ्या समोर ठेवायच्या आणि एकच प्रसंग उचलायचा. अख्खा आठवडा लिहायला गेलं की हजेरीपट होतो. कुठला उचलायचा? जो आपल्याला अजून समजलेला नाही तो. रंगलेला तास मोह पाडतो, पण त्यातून सहसा हाताला काही लागत नाही.

या मुलीकडे चिठ्ठी नव्हती. पण मागच्या बाकावर तिची सहकारी निरीक्षणाची वही घेऊन बसली होती. तीत प्रश्नांच्या खुणा होत्या. तासाभरात नऊ प्रश्न. त्यातले चार ‘समझ गए?’ हेच. उरलेल्या पाचांपैकी चारांची उत्तरं बाईंनी स्वतःच देऊन टाकली होती. सहकारीने समासात लिहिलं होतं, ‘लगेच’.

हे ‘लगेच’ फार जुनं दुखणं आहे. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून १९७४ मध्ये दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ किंवा नुसतं गप्प बसणं कमी होतं, आणि एरवी न बोलणारी मुलंही तोंड उघडतात. फळ्यापाशी उभं राहिलेल्या माणसाला मात्र तीन सेकंदांची शांतता युगासारखी वाटते. मलाही अजून वाटते.

इथे मुलीचा चेहरा उजळला. कारण सापडलं! ‘मी थांबत नाही’ असं लिहून ती मोकळी होणार होती. बहुतेक चांगल्या डायऱ्याही इथेच थांबतात, आणि माझ्या मते ही थांबण्याची चुकीची जागा आहे. पहिलं कारण सापडलं की शोध संपल्यासारखं वाटतं, म्हणूनच ते धोक्याचं. मी म्हटलं, ‘‘समज, तू थांबत होतीस. तरी मुलं गप्प राहिली असती, असं आणखी काय असू शकेल?’’

तिने मुलांच्या वह्या मागवल्या. दोन वह्यांत काही नव्हतं. तिसऱ्या वहीत एका मुलीने फळ्यावरून उतरवलं होतं: ‘अम्ल + क्षारक = क्षार’. पुढे पेन्सिलीने तीन प्रश्नचिन्हं.

वाचकाच्या ध्यानात आलं असेल किंवा नसेल, कारण मराठीत हे वाक्य जवळजवळ बरोबर आहे. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी मिळतं, असं आपण मराठी शाळेत शिकतो. आम्लारीला हिंदीत क्षारक म्हणतात. मराठीतला क्षार म्हणजे मीठवर्गातला पदार्थ. हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि हिंदीत क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा क्षारक, म्हणजे आपल्या आम्लारीच्याच कुटुंबातला. डायरी लिहिणारी ही मुलगी जळगावकडची, लग्न होऊन इंदूरला आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. पाठयोजनेत तिने ‘लवण’च लिहिलं होतं. फळ्यावर, घाईत, हात माहेरच्या शब्दावर गेला. मुलांना बाईंनी सांगितलं होतं की आम्लात आम्लारी मिसळली की आम्लारीच तयार होते. आणि लगेच विचारलं होतं, ‘समझ गए?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिला आठवलं की तास संपताना एक मुलगा पुटपुटला होता, ‘‘मैडम, ये नी समझ में आया’’, आणि तिने त्याला धडा पुन्हा वाचायला सांगितलं होतं. शनिवारच्या नोंदीत हा मुलगा नव्हता.

तिने नोंद पुन्हा लिहिली. मधला भाग असा:

‘मी मुलांना शांत म्हटलं, पण नऊ प्रश्नांपैकी चार प्रश्न नव्हतेच आणि चारांची उत्तरं मीच दिली. बोलायला त्यांना जागा एकदाच मिळाली. शिवाय फळ्यावर क्षार आणि लवण यांची गफलत झाली. मुलं गप्प होती ती मी थांबले नाही म्हणून, की फळ्यावरचं चुकीचं आहे हे कळूनही बोलावं की नाही हे कळेना म्हणून? सातवी ब मध्ये मी पुस्तक हातात धरून शिकवलं, तिथे शब्द बरोबर होता. तिथेही फारसं कुणी बोललं नाही. म्हणजे शब्दाची चूक हे एकटं कारण नसावं.’

सिडनी विद्यापीठाच्या नेव्हिल हॅटन आणि डेव्हिड स्मिथ यांनी १९९५ मध्ये होऊ घातलेल्या शिक्षकांच्या लेखनात चार पातळ्या सांगितल्या होत्या. पहिलीत नुसतं वर्णन. दुसरीत वर्णनाला एखादं कारण जोडलेलं. तिसरीत माणूस स्वतःशी वाद घालतो, दोन कारणं समोरासमोर ठेवून तोलतो. चौथीत तो वर्गाबाहेरचा समाज आणि इतिहास विचारात घेतो. तिची पहिली नोंद दुसऱ्या पातळीच्या उंबऱ्यावर होती, नवी नोंद तिसरीत आली. हा प्रवास मोठमोठ्या शब्दांनी झाला नाही. एका वहीतल्या तीन प्रश्नचिन्हांनी झाला.

चौथीच्या मागे पहिल्या आठवड्यात लागू नये असं मी सांगते. ओढूनताणून आणलेला समाज डायरीत फार पोकळ वाटतो. इथे मात्र तो आपोआप डोकावला. घरी मालवी बोलणाऱ्या मुलांना ‘क्षारक’ हा शब्द पुस्तकातच भेटतो, बाईंना तर तो आणखी एका भाषेतून वळसा घालून भेटतो. तिने यावर एकच ओळ लिहिली. तेवढी पुरे होती.

एक मर्यादा इथेच सांगायला हवी. या डायरीला गुण असतात आणि ते मीच देते. फळ्यावर चूक झाली हे गुण देणाऱ्या बाईंना लिहून द्यायचं, हे सोपं नाही. बी.एड.ची काही मुलं मग शोभतील अशा चुका कबूल करतात: आवाज थोडा लहान होता, वेळेचं नियोजन जमलं नाही. अशी चूक ओळखता येते, कारण तिला वार नसतो, तास नसतो आणि ती ऐकणारं मूल नसतं. उलट खऱ्या नोंदीत मूल इतकं स्पष्ट दिसतं की त्याचं नाव खोडायला सांगावं लागतं. ‘तिसऱ्या बाकावरची मुलगी’ एवढंच लिहावं.

शेवटचा रकाना पुढच्या कृतीचा. तिथे ‘मी अधिक काळजी घेईन’ चालत नाही, कारण ते खोटं ठरूच शकत नाही. तिने लिहिलं होतं: सातवी अ मध्ये चूक उघडपणे दुरुस्त करीन आणि प्रत्येक प्रश्नानंतर मनात तीन आकडे मोजीन. मी लाल पेन्सिलीने विचारलं, ‘दोन्ही एकदम बदललंस, मुलं बोलली तर कशामुळे बोलली हे कसं कळेल?’ तिने विचार करून सातवी ब घेतली. तिथे शब्दाची चूक झालीच नव्हती, त्यामुळे फक्त थांबणं बदलता येणार होतं. अ मधली दुरुस्ती तर तिने सोमवारीच करून टाकली. मुलांना चुकीचं माहीत असताना प्रयोगासाठी थांबायचं नसतं.

मंगळवारी तिची चिठ्ठी आली, मराठीत, रिक्षात लिहिलेली असावी. ‘सातवी ब. विचारलं, हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो? एक, दोन, तीन मोजले. तिसऱ्याला दोन हात वर. एक जण म्हणाला, घरी आई हळदीत चुना घालते तेव्हाही असंच होतं. दुसऱ्याला पाणी प्यायला जायचं होतं.’