जाहिरातीतला पगार बघायच्या आधी तास मोजा

आमच्याकडे बायोडाटा बनवायला येणारे बरेच जण मोबाईलवर नोकरीची जाहिरात दाखवतात आणि विचारतात, ही बरी आहे का. परवाचीच घ्या: "शोरूमला सेल्समन पाहिजे, सकाळी 10 ते रात्री 9, पगार 18000, ओव्हरटाइम धरून, सुट्टी अॅडजस्ट करून मिळेल."

आता हिशोब बघा. 10 ते 9 म्हणजे 11 तास, जेवणाचा एक तास वजा केला की 10, आणि सहा दिवस धरले तर आठवड्याला 60 तास. महाराष्ट्रात दुकानं आणि ऑफिसांसाठी 2017 चा कायदा आहे, त्यात आधी दिवसाला 9 तास होते, 2025 मध्ये ते 10 केले, म्हणून मालक म्हणतात आता 10 तास चालतात. चालतात, पण आठवड्याचे 48 तासच राहिलेत हे कोणी सांगत नाही! म्हणजे वरचे 12 तास ओव्हरटाइम, आणि त्याला दुप्पट रेट.

18000 ला 26 ने भागा, मग 8 ने, तासाला साधारण 86 रुपये 50 पैसे येतात, दुप्पट 173. आठवड्याचे 12 म्हणजे महिन्याला साधारण 52 तास, त्याचे 9000 च्या आसपास होतात. म्हणजे 18000 हा नुसता 48 तासांचा पगार असेल तर हातात 27000 यायला पाहिजेत. "ओव्हरटाइम धरून" असं लिहिलं की समजून जा, मूळ पगार 18000 पेक्षा बराच कमी आहे, तो किती आणि तासाचा रेट काय ते जॉइन व्हायच्या आधी विचारा. शिवाय तीन महिन्यांत ओव्हरटाइमची मर्यादा 144 तास आहे (आधी 125 होती), इथे 13 आठवड्यांचे 156 होतात, म्हणजे पैसे दिले तरी हे टाइमटेबल नियमात बसत नाही.

सुट्टीचं म्हणाल तर रविवारच मिळेल असं काही नाही, दुकान 365 दिवस उघडं ठेवता येतं, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग 24 तास सुट्टी द्यावीच लागते. ती बुडाली तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत. "अॅडजस्ट करून" म्हणजे कधी, वार फिक्स आहे का ते विचारा, आणि दोन हाफ डे मिळून एक सुट्टी झाली असं कोणी म्हणालं तर ते धरू नका.

एक मात्र आहे, या कायद्यातले तासांचे नियम आता 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागतात, त्यामुळे चार पोरांच्या किराणा दुकानाला हे दाखवून उपयोग नाही, आणि कारखान्यांचा कायदा वेगळा. मॅनेजर, सुपरवायझर अशा पोस्टनाही हे तास लागू होत नाहीत, म्हणून जाहिरातीत "स्टोअर मॅनेजर" लिहून काम काउंटरवर बिलं फाडायचं असेल तर तिथे जरा जास्तच चौकशी करा.