अडवणारा न्यायाधीश (जामीन सुनावणीची प्रात्यक्षिक परीक्षा)

विधी महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थी नवख्या वकिलाच्या भूमिकेत जामीन अर्जावर युक्तिवाद करतो आणि परीक्षक न्यायदंडाधिकारी होऊन त्याला मध्येच अडवतो. परीक्षकाच्या या भूमिकेला ‘अडवणारा न्यायाधीश’ म्हणता येईल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार अभिरूप न्यायालयाला, म्हणजे अशा सरावाच्या सुनावण्यांना, 30 गुण आहेत. ते तीन प्रकरणांत विभागले जातात आणि प्रत्येक प्रकरणाच्या 10 गुणांपैकी 5 लेखी मांडणीला, तर 5 तोंडी युक्तिवादाला मिळतात. पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवलं तर ते 5 गुण खरं तर काहीच मोजत नाहीत. म्हणून अडवणं आवश्यक ठरतं.

खऱ्या कोर्टात न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्या दिवसाचा भरलेला बोर्ड असतो. एफआयआर आणि तपास अधिकाऱ्याचा से, म्हणजे अर्जावरचं त्याचं लेखी म्हणणं, त्यांनी आधीच वाचलेलं असतं. वकील पुन्हा घटनाक्रम सांगू लागला की ते थांबवतात आणि त्यांच्या मनात जिथे शंका आहे तिथे बोट ठेवतात. आरोपी आणि जामीन यांच्यामध्ये नेमकं काय आडवं येतंय, हे त्या प्रश्नातून कळतं. विद्यार्थ्याला ती शंका ऐकू येते का, हे या परीक्षेत पाहायचं असतं. त्याचा धीर किती टिकतो, हे त्यानंतर.

सोलापूरला साजेसं एक काल्पनिक प्रकरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यातून 40 चादरी गेल्याची फिर्याद मालकाने दिली आहे. आरोपी तिथलाच कामगार, मूळचा शेजारच्या विजयपूर जिल्ह्यातल्या इंडी तालुक्यातला. भारतीय न्याय संहितेचं कलम 306, म्हणजे नोकराने मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची केलेली चोरी. शिक्षा 7 वर्षांपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र. तीन दिवसांची पोलीस कोठडी झाली, 25 चादरी जप्त झाल्या, मग न्यायालयीन कोठडी. अटकेला आज 18 दिवस झालेत, दोषारोपपत्र अजून आलेलं नाही. अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 खाली, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर.

विद्यार्थिनी उठते, गुन्हा क्रमांक आणि कलम सांगते आणि ‘आरोपी अत्यंत गरीब कुटुंबातला’ असं सुरू करते. इथेच पहिली अडवणूक येते: ‘मॅडम, थांबा. उरलेल्या 15 चादरी कुठायत?’

या प्रश्नावर घाईत दिलेलं उत्तर महागात पडतं. ‘सर, त्या त्याने विकल्या असतील, पण पैशाची अडचण होती,’ असं उत्तर आलं तर आपल्याच अशिलाचा गुन्हा वकिलाने कबूल केला. जप्तीबद्दल बोलतानाही हीच सावधगिरी लागते. ‘आरोपीने 25 चादरी काढून दिल्या’ म्हणणं वेगळं आणि ‘फिर्यादी पक्षाच्या म्हणण्यानुसार 25 चादरी जप्त आहेत’ म्हणणं वेगळं. चांगलं उत्तर साधारण असं असतं: ‘सर, आरोपीला गुन्हाच मान्य नाही. जप्तीसाठी तपास अधिकाऱ्यांना पोलीस कोठडी मिळाली होती. त्यानंतर त्यांनी वाढीव कोठडी मागितलेली नाही. आता न्यायालयीन कोठडीत ठेवून तपासात भर पडणार नाही.’

परीक्षकाने इथे सोडू नये. ‘नव्या कायद्यात ते पुन्हा पोलीस कोठडी मागू शकतात ना?’ हा पुढचा प्रश्न. हो, मागू शकतात. कलम 187 प्रमाणे पंधरा दिवसांची पोलीस कोठडी तुकड्यातुकड्याने घेता येते. दोषारोपपत्रासाठी 60 दिवसांची मुदत असलेल्या गुन्ह्यात पहिल्या 40 दिवसांत. अभ्यास केलेली विद्यार्थिनी आधी ‘हो सर’ म्हणते आणि मग कलम 480 चं परंतुक दाखवते: पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडीची गरज पडू शकते एवढ्याच कारणावर जामीन नाकारता येत नाही, आरोपी एरवी जामिनाला पात्र असेल आणि न्यायालयाचे निर्देश पाळण्याची हमी देत असेल तर. ‘हो’ टाळून थेट परंतुकाकडे धावणारा विद्यार्थी प्रश्न चुकवतोय, हे समोरच्याला लगेच दिसतं.

दुसरी अडवणूक सोलापूरच्या भूगोलातून येते: ‘हा सीमेपलीकडचा. कर्नाटकात निघून गेला तर?’ इथे ‘नाही जाणार सर’ म्हणून भागत नाही. शहरात किती वर्षांपासून राहतो, भाड्याची पावती आहे का, मुलं इथल्या शाळेत आहेत का, हे हातातल्या कागदांवरून सांगावं लागतं. सोबत अटी सुचवाव्या लागतात: ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी, पत्ता बदलल्यास कळवणं. जामीनदार इंडीचा असल्याचा आक्षेप आला तर मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा 1978 चा निर्णय कामाला येतो. त्यात एका गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्यामुळे दंडाधिकाऱ्यांनी त्याची जामीनकी नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाला ते पटलं नाही आणि 10,000 रुपयांच्या जागी 1,000 रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सुटका करण्याचे निर्देश दिले गेले.

तिसरी अडवणूक मुद्दाम चुकीची ठेवावी. सेमध्ये आरोपीवर पूर्वीचा एकच प्रलंबित गुन्हा नमूद असताना न्यायाधीशाने ‘याच्यावर आधीचे दोन गुन्हे आहेत’ म्हणावं. बरेच विद्यार्थी मान डोलावून पुढे जातात, कारण खुर्चीला चूक दाखवायची भीती वाटते. ‘सर, सेच्या दुसऱ्या परिच्छेदात एकच गुन्हा नमूद आहे, तोही प्रलंबित, शिक्षा झालेली नाही’ असं शांतपणे सांगणं एवढंच इथे अपेक्षित असतं. कागदात नसलेली गोष्ट विचारली तर ‘अशिलाकडून माहिती घेऊन सांगतो, सर’ हेही पूर्ण उत्तर आहे आणि त्याचे गुण कापू नयेत.

अडवणुकांची वेळ घड्याळावर न ठरवता विद्यार्थी काय बोलतो त्यावर ठरवणं योग्य. गरिबीचा मुद्दा आला की चादरींचा प्रश्न, स्थानिक पत्ता आला की सीमेचा. तरच ते खरं वाटतं. मात्र प्रश्न सगळ्यांना तेच हवेत, नाहीतर गुणांची तुलना होत नाही. बाहेर थांबलेल्यांपर्यंत प्रश्न पोचतातच, म्हणून तपशील बदललेले दोन संच ठेवावेत. आठ-दहा मिनिटांच्या सुनावणीत तीन-चार अडवणुका पुरतात.

प्रयोग फसतो तो बहुतेक परीक्षकाच्या बाजूने. तो मध्येच शिक्षक होतो आणि कलम समजावू लागतो, किंवा आवाज चढवून विद्यार्थ्याला गप्प करतो. निम्म्याहून जास्त वेळ परीक्षकच बोलत असेल तर ती परीक्षा विद्यार्थ्याची राहिली नाही. भाषेचंही तसंच. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, तरी विद्यार्थी अभिरूप न्यायालयात इंग्रजीची पाठ केलेली वाक्यं घेऊन येतात. ‘मराठीत सांगा’ एवढ्या एका अडवणुकीने पाठांतर तिथेच गळून पडतं आणि समजलेलं तेवढं उरतं.

शेवटी न्यायाधीशाने आदेश सुनावू नये. ‘जामीन नामंजूर’ ऐकलेला विद्यार्थी नापास झाल्याच्या समजुतीने बाहेर पडतो. प्रत्यक्षात उत्तम युक्तिवादानंतरही जामीन नामंजूर होऊ शकतो आणि ढिसाळ युक्तिवादावरही मंजूर होऊ शकतो. ‘आदेशासाठी ठेवलं’ म्हणून पुढचं प्रकरण पुकारावं.